ओढ्याकाठची वसाहत आणि पावसाळी पाण्याचा अहवाल

पुणे शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा धनकवडी, सहकारनगर, पर्वती असा वाटेत दाट वस्तीतून जात मुठा नदीस मिळतो. पेशवाईत याच ओढ्यावर कात्रजचे तलाव बांधून शहरास नळाने पाणी पुरविण्यात आले होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्यास आलेल्या पुराने काठच्या वसाहतींच्या संरक्षक भिंती पडल्या, उभी वाहने वाहून गेली आणि पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री ओढ्यापासून काहीशा दूर असलेल्या सखल जागीही पाणी चढले. ओढ्याने काठ ओलांडणे हे त्याचे एक कारण होय. परंतु काठ ओलांडला जाण्यापूर्वीही ओढ्याकाठच्या वसाहतीत पाणी शिरू शकते, आणि ते वसाहतीने स्वतःच टाकलेल्या पावसाळी वाहिनीतून शिरते. ते कसे, हे समजून घ्यावयाचे तर अशा वसाहतीचा पावसाळी जलनिस्सारणाचा अहवाल उघडून पाहावा लागतो.

हा अहवाल बांधकाम परवानगीच्या कागदपत्रांत बहुधा शेवटी जोडलेला असतो आणि आकड्यांची कोष्टके पाहून वाचणारा पाने उलटतो. वास्तविक त्यातील वाहिन्यांच्या कोष्टकांत फारसे गूढ नसते. दिलेल्या पाण्यासाठी वाहिनी ठरविणे हे सरळ गणित आहे. अहवालाची खरी परीक्षा दोन पानांवर होते. एक, पाऊस किती धरला ते सांगणारे पहिले पान. आणि दुसरे, पाणी शेवटी कोठे व कोणत्या पातळीवर सोडले ते सांगणारे अखेरचे पान. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. यांपैकी अनेक गावांत डोंगरउतार, ओघळी आणि ओढे आहेत. तेव्हा हे अहवाल वाचण्याचा प्रसंग आता केवळ अभियंत्यांवरच येतो असे नाही.

विवेचनासाठी एक नमुन्याची वसाहत घेऊ. क्षेत्र ४ हेक्टर. लांबी ३०० मीटर. जमीन डोंगराकडून ओढ्याकडे शंभरास एक या उताराने, म्हणजे एकंदर ३ मीटर उतरलेली. पुढील आकडे या कल्पित वसाहतीचे आहेत. प्रत्यक्ष कामात ते त्या जागेच्या मोजणीवरून आणि वेधशाळेच्या नोंदींवरून घ्यावे लागतात.

पाऊस किती धरावा?

पुण्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर आहे. हा आकडा शेतीस उपयोगी, वाहिनीस निरुपयोगी. दिवसाचा पाऊसही वाहिनीला फारसे सांगत नाही. दिवसभरात ७० मिलिमीटर पाऊस संथपणे पडला तर रस्ते ओले होतील इतकेच. तोच दीड तासात पडला तर रस्त्यांचे ओढे होतील. वाहिनीला हवी असते ती पावसाची तीव्रता, म्हणजे ठरावीक मिनिटांत किती पाणी पडले याची नोंद. शिवाजीनगर येथील वेधशाळेत स्वयंनोंदी पर्जन्यमापकावर ती मिळते, आणि अनेक वर्षांच्या नोंदींवरून तीव्रता, कालावधी व वारंवारता यांचे आलेख काढले जातात.

हा आलेख हाती आला की दोन निर्णय करावयाचे असतात. पहिला वारंवारतेचा. कितव्या वर्षी एकदा येणारा पाऊस वाहिनीने पेलावा? केंद्र शासनाच्या १९९३ च्या मलनिस्सारण मार्गदर्शिकेत शहराच्या बाहेरील निवासी भागासाठी वर्षातून दोनदा येणारा पाऊस, मध्यवर्ती निवासी भागासाठी वर्षातून एकदा येणारा आणि व्यापारी भागासाठी दोन वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरावा असे म्हटले होते. त्याचा सरळ अर्थ असा की, उपनगरातील वाहिनी वर्षातून एक-दोन वेळा भरून वाहिली तर ती नियमाप्रमाणेच वागली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर या निकषांचा देशभर फेरविचार सुरू झाला आणि २०१९ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाने पावसाळी निचऱ्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढून हे निकष कडक केले. ज्या अहवालात वारंवारतेचा उल्लेखच नाही, त्यातील पुढील एकाही आकड्याला आधार उरत नाही.

दुसरा निर्णय कालावधीचा, आणि चूक बहुधा येथेच होते. वसाहतीच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यावर पडलेला थेंब मुखापर्यंत पोहोचावयास जितका वेळ लागतो, तितक्या वेळाचा पाऊस धरावयाचा असतो; कारण तेवढ्या वेळानंतर सगळे क्षेत्र एकाच वेळी मुखाशी पाणी देऊ लागते. यास एकत्रीकरणाचा काळ म्हणतात. आपल्या वसाहतीत छपरावरून व अंगणातून रस्त्याच्या जाळीपर्यंत यावयास दहा मिनिटे आणि पुढे ३०० मीटर वाहिनीतून जावयास तीन-चार मिनिटे लागतात. पूर्णांकात १५ मिनिटे धरू.

आता असे समजा की, निवडलेल्या वारंवारतेच्या पावसात एका तासात ४५ मिलिमीटर पाणी पडते. परंतु पाऊस तासभर एकसारखा पडत नाही. त्यातील सर्वांत जोराच्या पंधरा मिनिटांतच २० मिलिमीटर पडून जाते. पंधरा मिनिटांस २० म्हणजे ताशी ८० मिलिमीटर. वाहिनीला तोंड द्यावयाचे आहे ते या ८० ला, ४५ ला नव्हे.

पाणी मोजण्याची रीत जुनी आहे. आयर्लंडमधील मुलव्हनी या अभियंत्याने ती १८५० च्या सुमारास मांडली. क्षेत्र हेक्टरमध्ये, तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचा अंश या तिहींचा गुणाकार करून ३६० ने भागले की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळते. आपल्या वसाहतीत छपरे, रस्ते व फरशा मिळून ६० टक्के जागा आहे. तेथे पडलेल्या पाण्याचा ०.९० भाग वाहतो. उरलेल्या ४० टक्के मोकळ्या जमिनीवरून ०.३० भाग वाहतो, बाकीचे पाणी मुरते. सरासरी अंश ०.६६ येतो. मग पाणी सेकंदाला ५८७ लिटर. हेच गणित ताशी ४५ मिलिमीटर धरून केले तर ३३० लिटर. कालावधीच्या एका चुकीने पाणी जवळजवळ निम्म्यावर आणता येते आणि पुढचे सगळे कोष्टक बिनचूक दिसत राहते.

हीच जागा पूर्वी मोकळा माळ होती तेव्हा तिच्यावरून वाहणारे पाणी आजच्या निम्म्याहूनही कमी होते. ही वाढ ओढ्यास सोसावी लागते.

पहिल्या पानावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पाणी सातबारा पाहून वाहत नाही. वसाहतीच्या वरच्या अंगास ३ हेक्टर डोंगरउतार आहे आणि त्याचे पाणी एका ओघळीने या जमिनीतूनच ओढ्यास जात असे. त्याचा वाहता अंश ०.३५ धरला तर ते सेकंदाला २३३ लिटर भरते. जमीन सपाट करताना ओघळ बुजविली जाते, नकाशावरून पुसली जाते, आणि अहवालात केवळ स्वतःच्या ४ हेक्टरांचा हिशेब येतो. पहिल्या मोठ्या पावसात मात्र ओघळ आपली जुनी वाट शोधीत येते. या पाण्यासाठी वरच्या हद्दीवर उघडा चर काढून ते बाजूने ओढ्याकडे नेणे हा उत्तम उपाय होय. ते बंद वाहिनीत घेऊ नये, कारण डोंगराच्या पाण्याबरोबर माती, गोटे व पालापाचोळा येतो.

वाहिनी आणि उतार

५८७ लिटर पाण्यास केवढी वाहिनी लागेल? येथे आणखी एका आयरिश अभियंत्याचे, १८८९ मध्ये मांडलेले मॅनिंगचे सूत्र वापरतात. (पुण्याच्या पावसाचे गणित दोन्हीकडून आयर्लंडच्या आधाराने चालावे, हा योगायोग खरा.) त्याप्रमाणे शंभरास एक उतारावर ६०० मिलिमीटर व्यासाची सिमेंट काँक्रीटची नवी नळी पूर्ण भरून सेकंदाला ६१४ लिटर वाहून नेते. गरज ५८७ ची. अहवालात ‘पुरेशी’ असा शेरा पडतो.

हा शेरा नळी नवी असेपर्यंतच खरा आहे. सूत्रात नळीच्या आतील खडबडीतपणाचा एक अंक असतो. नव्या गुळगुळीत नळीस तो ०.०१३ धरतात. काही वर्षांनी सांध्यांत गाळ बसतो, पृष्ठभाग झिजतो; तेव्हा ०.०१५ धरणे वास्तवाला धरून होते. एवढ्या लहान फरकाने तीच नळी ६१४ ऐवजी ५३२ लिटरच नेते, म्हणजे अपुरी पडते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात पुढची उपलब्ध मोठी, ७५० मिलिमीटरची नळी घेणे योग्य ठरते. खडबडीतपणाचा ०.०१५ हाच अंक धरूनही ती याच उतारावर ९६५ लिटर नेते. वरच्या टप्प्यांत पाणी कमी असल्याने नळ्या लहान चालतात. पहिल्या हेक्टरास ४५० मिलिमीटरची पुरते. मात्र मोठ्या नळीपुढे लहान नळी कधीही जोडू नये आणि दोन भिन्न व्यासांच्या नळ्या चेंबरमध्ये जोडताना त्यांचे माथे जुळवावेत, तळ नव्हे. तळ जुळविले तर खालची नळी भरताच वरच्या नळीत पाणी मागे तुंबते.

व्यासाविषयी एक समजूत दूर केली पाहिजे. निम्म्या व्यासाची नळी निम्मे पाणी नेत नाही. ती सुमारे सहावा हिस्सा नेते. ६०० च्या एका नळीऐवजी ३०० च्या दोन टाकल्या तर पाण्याची वाट तिपटीने कमी होते. उताराचे तसे नाही. उतार निम्मा केला तर वहनक्षमता सुमारे ३० टक्के घटते. म्हणून उतारात थोडी कसर चालेल असे वाटते. पण तेथे प्रश्न वेगाचा असतो. पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की माती व वाळू तळाशी बसते. तो ३ मीटरच्या वर गेला तर तीच वाळू काँक्रीट घासून काढते. डोंगराकडील वसाहतीत जमिनीचा उतार तीव्र असतो, तेथे चेंबरमध्येच नळीस पायरी देऊन वेग मोडावा लागतो.

पुण्याच्या जमिनीत उताराची खरी अडचण खोदाईत येते. मुरुमाखाली थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो. तो फोडावयास खर्च व वेळ लागतो. मग मधल्या एखाद्या टप्प्यात खोली कमी केली जाते आणि नळी तेथे सपाट किंवा चक्क उलट्या उताराने बसते. ३० मीटर अंतरावरील दोन चेंबरांत शंभरास एक उताराने ३० सेंटिमीटरचा फरक हवा. तो लेव्हल यंत्राने प्रत्येक चेंबरच्या तळाशी मोजून अहवालातील कोष्टकाशी ताडून पाहता येतो, आणि खंदक भरण्यापूर्वीच पाहावा लागतो. ओढ्याजवळ याच्या उलट काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खाली मुरुमाचा किंवा काँक्रीटचा भक्कम थर नसेल तर नळ्यांचे सांधे उघडे पडतात.

काम पूर्ण झाल्यावर तपासणीस यंत्राची गरज नाही. पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर चेंबरची झाकणे उघडावीत. एखाद्या चेंबरमध्ये पाणी साचून राहिले असेल तर त्याच्या खालच्या टप्प्यात उलटा उतार किंवा अडथळा आहे. चेंबरच्या भिंतीवर गाळाची आडवी रेषा उंच उमटली असेल तर त्या उंचीपर्यंत पाणी तुंबले होते. पाऊस नसताना वाहते पाणी दिसले, आणि त्यास दुर्गंधी असली, तर कोणीतरी मैलापाण्याची नळी पावसाळी वाहिनीस जोडली आहे.

मुखाशी काय होते?

आता अखेरचे पान. पातळ्या समजण्यासाठी वसाहतीच्या खालच्या टोकाची, ओढ्याच्या काठावरील जमीन १०० मीटर या पातळीवर आहे असे मानू. ७५० मिलिमीटरची वाहिनी ओढ्यात उघडते तेथे तिचा तळ ९८.२० वर आणि माथा ९८.९५ वर आहे. ओढ्याचा तळ ९७.०० वर. पावसाळ्यातील नेहमीच्या दिवशी ओढ्यातील पाणी ९७.८० पर्यंत असते. वाहिनीचे मुख मोकळे असते, पाणी धो-धो पडते, पाहणाऱ्यास समाधान वाटते.

परंतु मोठा पाऊस वसाहतीवर पडतो तेव्हा तो डोंगरावरही पडत असतो. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्याच धर्तीवर आपल्या ओढ्याची २५ वर्षांच्या पुराची पातळी ९९.४० काढली असे धरू. म्हणजे पुराच्या वेळी वाहिनीचे मुख जवळजवळ अर्धा मीटर पाण्याखाली असेल. आता वाहिनीचा शंभरास एक हा उतार निरुपयोगी होतो. पाणी जमिनीच्या उताराने नव्हे, तर चेंबरमधील पाण्याची पातळी ओढ्याच्या पातळीहून जितकी वर चढेल त्या जोरावर बाहेर पडते. ते किती वर चढेल हे काढता येते, आणि ज्या अहवालात ते काढलेले नाही तो अपुरा समजावा.

मुखापासून ६० मीटर आत रस्त्यास थोडा खोलगट भाग आहे. तेथील जाळी १००.२० वर, वसाहतीतील सर्वांत खालची. वाहिनी ७५० ची असेल तर ५८७ लिटर पाणी ढकलण्यासाठी त्या ६० मीटरांत २२ सेंटिमीटर आणि मुखाशी बाहेर पडताना सुमारे ९ सेंटिमीटर जोर खर्च होतो. ९९.४० मध्ये हे मिळविले की ९९.७१. जाळी अर्धा मीटर वर आहे; रस्ता कोरडा राहील. वाहिनी ६०० ची असेल तर याच दोन कारणांनी ७३ आणि २२ सेंटिमीटर खर्च होतात आणि पाणी १००.३५ वर चढते. म्हणजे जाळीतून पाणी खाली जाण्याऐवजी तिच्यातूनच १५ सेंटिमीटर उसळते. नवी असता कागदावर पुरेशी ठरलेली वाहिनी येथे पूर्णपणे उघडी पडते.

मोठ्या वाहिनीलाही मर्यादा आहे. ओढा आणखी ६० सेंटिमीटर चढून १००.०० वर आला तर ७५० च्या वाहिनीतही पाणी १००.३१ ला पोहोचते आणि त्याच जाळीतून वर येते. काठ तोवर बुडालेला नसतो. पाणी वाहिनीतूनच आलेले असते. अशा वेळी ‘संरक्षक भिंत तर शाबूत आहे, मग पाणी आले कोठून?’ असा प्रश्न रहिवाशांस पडणे साहजिक आहे. भिंतीने ओढा अडविला, पण भिंतीखालून गेलेल्या नळीने दार उघडे ठेवले.

या दारास झडप बसविता येते. लोखंडी किंवा रबरी झडप मुखावर वरून टांगलेली असते. आतील पाण्याच्या जोराने ती उघडते व बाहेरील पाण्याच्या दाबाने मिटते. परंतु झडप मिटली की वसाहतीचे स्वतःचे पाणीही आतच अडते. सर्वांत जोराच्या पंधरा मिनिटांत ती मिटलेली राहिली तर सुमारे ५२८ घनमीटर पाणी आत साठेल, म्हणजे दहा हजार लिटरचे त्रेपन्न टँकर. त्यासाठी जागा आधीच ठरवावी लागते. २,००० चौरस मीटरचे मैदान सभोवतालच्या जमिनीपेक्षा ३० सेंटिमीटर खोल ठेवले तर हे पाणी त्यावर २६ सेंटिमीटर उभे राहते आणि ओढा उतरताच निघून जाते. जागा ठरविली नाही तर पाणी ती स्वतः ठरविते, आणि ती बहुधा तळघरातील वाहनतळाची असते. झडपेत प्लॅस्टिकची पिशवी किंवा फांदी अडकली तर ती अर्धी उघडी राहते. म्हणून मृगापूर्वी आणि प्रत्येक पुरानंतर तिच्यापर्यंत माणूस उतरू शकेल अशी पायवाट व चेंबर नकाशात दाखविलेले असले पाहिजे.

मुखाची दिशाही पाहावी. वाहिनी ओढ्यास काटकोनात मिळाली तर तिचा झोत समोरचा काठ पोखरतो आणि ओढ्याचा प्रवाह तिचे मुख गाळाने बुजवितो. ती प्रवाहाच्या दिशेने तिरपी मिळावी, आणि मुखाखाली ओढ्याचा तळ खचू नये म्हणून दगडी फरसबंदी असावी. मुखाच्या खालच्या अंगास रस्त्याची मोरी असेल तर आधी ती मोजावी. मोरी लहान असेल किंवा तिच्यात राडारोडा अडकला असेल तर ओढ्याची पूरपातळी कोणत्याही आलेखावरून नव्हे, त्या मोरीवरून ठरते, आणि आपले ९९.४० चे गृहीत तेथेच मोडते. हे पाहण्यासाठी अहवाल घेऊन ओढ्याकाठाने मुठेच्या दिशेस दोन-तीनशे मीटर चालत जावे लागते. पुराच्या पाण्याने झाडांच्या खोडांवर आणि जुन्या भिंतींवर ठेवलेल्या खुणा तेथे दिसतात. काठच्या जुन्या रहिवाशांस विचारले तर २०१९ च्या त्या रात्री पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते ते बोट ठेवून दाखवितात, आणि त्या पायरीची पातळी लेव्हल यंत्राने घेऊन अहवालातील पूरपातळीशेजारी लिहिता येते.